फिटमेंट फॅक्टर (शिक्षकांची वेतननिश्चिती)

'''फिटमेंट फॅक्टर''' (वेतननिश्चितीचा गुणक) म्हणजे वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार वेतनश्रेणी सुधारताना कर्मचाऱ्याच्या जुन्या मूळ वेतनाला ज्या संख्येने गुणतात ती संख्या होय. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाने ही संख्या २.५७ ठरवली. महाराष्ट्र शासनाने तीच संख्या ३० जानेवारी २०१९ रोजी अधिसूचित केलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, २०१९ यांद्वारे स्वीकारली व सुधारित वेतन १ जानेवारी २०१६ पासून लागू केले. जिल्हा परिषदांच्या व अनुदानित शाळांतील शिक्षकांची वेतननिश्चितीही याच गुणकाने झाली.

गुणक २.५७ असला तरी शिक्षकाच्या हाती पडणारे वेतन २.५७ पट होत नाही. गुणकाचा बहुतांश भाग आधीपासून मिळत असलेल्या महागाई भत्त्याचे मूळ वेतनात विलीनीकरण करण्यात खर्च होतो. शिवाय गुणाकाराने येणारी रक्कम हे अंतिम वेतन नसून, वेतन मॅट्रिक्समध्ये योग्य जागा शोधण्यासाठी वापरायची ती एक मधली रक्कम असते.

== गुणकाची घडण ==

न्यायमूर्ती अशोक कुमार माथूर यांच्या अध्यक्षतेखालील सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये अहवाल सादर केला. सहाव्या आयोगाच्या रचनेत सर्वांत कमी मूळ वेतन ७,००० रुपये होते. कुटुंबाच्या अन्न, वस्त्र, निवारा इत्यादी गरजांचा हिशेब करून आयोगाने नवे किमान वेतन १८,००० रुपये ठरवले. या दोन रकमांचे गुणोत्तर सुमारे २.५७ येते. किमान वेतनाला लागलेले हेच प्रमाण सर्वांच्या वेतननिश्चितीसाठी वापरण्यात आले.

या २.५७ चे दोन भाग पडतात. १ जानेवारी २०१६ रोजी जुन्या मूळ वेतनावर १२५ टक्के महागाई भत्ता देय होता. म्हणजे १०० रुपये मूळ वेतन असणाऱ्यास भत्त्यासह २२५ रुपये मिळतच होते. नव्या रचनेत महागाई भत्ता शून्यापासून सुरू होत असल्याने गुणकातील २.२५ हा भाग केवळ जुने उत्पन्न कायम राखतो. त्यापुढचा ०.३२ हा भाग प्रत्यक्ष वाढीचा आहे. २.५७ ला २.२५ ने भागल्यास १.१४२२ येतात, यावरून वास्तविक वाढ सुमारे १४.२२ टक्के ठरते.

याच कारणाने दोन आयोगांच्या गुणकांची थेट तुलना फसवी ठरते. सहाव्या आयोगाचा गुणक १.८६ होता. तेव्हा मूळ वेतनात ५० टक्के महागाई वेतन मिळवलेले होते आणि त्या बेरजेवर २४ टक्के महागाई भत्ता मिळत होता, १.५० गुणिले १.२४ म्हणजे बरोबर १.८६. म्हणजेच त्या गुणकात वास्तविक वाढ काहीच नव्हती. वाढ आली ती गुणाकारानंतर वेगळ्याने मिळवलेल्या ग्रेड वेतनातून. उदाहरणार्थ, ४,५००-७,००० या जुन्या श्रेणीत ५,००० रुपये मूळ वेतन असलेल्या शिक्षकाचे वेतन १.८६ ने गुणून ९,३०० रुपये झाले, आणि भत्त्यांसह त्याला आधी मिळत होते तेही ९,३०० रुपयेच. त्यात २,८०० रुपये ग्रेड वेतन मिळवल्यावर नवे मूळ वेतन १२,१०० रुपये झाले. सहाव्या आयोगात ग्रेड वेतन गुणाकारानंतर मिळवले गेले, तर सातव्या आयोगात ते गुणाकाराच्या आत गेले.

== गुणाकार कोणत्या रकमेचा करतात ==

सातव्या आयोगाच्या वेतननिश्चितीत 'विद्यमान मूळ वेतन' म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ रोजीचे वेतन बँडमधील वेतन अधिक ग्रेड वेतन. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता यांपैकी कोणतीही रक्कम त्यात धरत नाहीत. कार्यपद्धती पुढीलप्रमाणे आहे :

# वेतन बँडमधील वेतन आणि ग्रेड वेतन यांची बेरीज करणे.
# त्या बेरजेस २.५७ ने गुणून येणारी रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात करणे.
# जुन्या ग्रेड वेतनाशी जुळणारा वेतन स्तर मॅट्रिक्समध्ये शोधणे.
# त्या स्तरात तेवढीच रक्कम असलेला टप्पा असल्यास तो, नसल्यास लगतचा वरचा टप्पा देणे.
# गुणाकाराची रक्कम स्तराच्या पहिल्या टप्प्यापेक्षाही कमी असल्यास पहिला टप्पा देणे.

महाराष्ट्रात २,८०० रुपये ग्रेड वेतन असलेल्या प्राथमिक शिक्षकाला एस-१० (२९,२००-९२,३००) हा स्तर लागू होतो. मॅट्रिक्समध्ये प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यापेक्षा सुमारे तीन टक्के मोठा असून शंभराच्या पूर्ण पटीत असतो. एस-१० मधील काही सलग टप्पे असे आहेत : ३४,९००, ३५,९००, ३७,०००, ३८,१००.

गुणाकारासाठी वेतन बँडमधील जुने वेतन हाताशी असावे लागते; ज्याला ते नव्हते त्याला गुणक लागत नाही. १ जानेवारी २०१६ पूर्वी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करणाऱ्याचे तेव्हा मूळ वेतनच नव्हते. त्याचा तीन वर्षांचा कालावधी सुधारित वेतन लागू झाल्यानंतर पूर्ण झाला तर तो नियमित होताना थेट स्तराच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे प्राथमिक शिक्षक असल्यास २९,२०० रुपयांवर येतो.

== तीन शिक्षकांचे उदाहरण ==

एकाच जिल्हा परिषदेत २,८०० रुपये ग्रेड वेतन असलेले तीन शिक्षक आहेत, असे मानू. ३१ डिसेंबर २०१५ रोजी त्यांचे वेतन बँडमधील वेतन अनुक्रमे ११,१६०, ११,२१० आणि ११,५९० रुपये आहे.

{| class="wikitable"
! शिक्षक !! जुने मूळ वेतन !! २.५७ ने गुणून !! मॅट्रिक्समधील टप्पा
|-
| पहिला || १३,९६० || ३५,८७७ || ३५,९००
|-
| दुसरा || १४,०१० || ३६,००६ || ३७,०००
|-
| तिसरा || १४,३९० || ३६,९८२ || ३७,०००
|}

पहिल्या व दुसऱ्या शिक्षकाच्या जुन्या मूळ वेतनात केवळ ५० रुपयांचा फरक होता. नव्या वेतनात तो १,१०० रुपयांचा झाला. उलट, तिसऱ्या शिक्षकाचे जुने वेतन दुसऱ्यापेक्षा ३८० रुपयांनी, म्हणजे जवळजवळ एका वेतनवाढीने अधिक होते, पण नव्या रचनेत दोघे एकाच टप्प्यावर आले. येथे हिशेबात चूक झालेली नाही. गुणक सर्वांना सारखाच लागला. फरक पडला तो गुणाकाराची रक्कम टप्प्याच्या किती जवळ थांबली यामुळे. दुसऱ्या शिक्षकाची रक्कम ३५,९०० च्या टप्प्यापुढे १०६ रुपयांनी गेली आणि त्याला पुढच्या टप्प्यापर्यंतचे उरलेले ९९४ रुपये अधिक मिळाले. तिसऱ्याची रक्कम त्याच टप्प्याच्या १८ रुपये अलीकडे होती, म्हणून त्याला तेवढेच १८ रुपये मिळाले.

हाती येणाऱ्या रकमेतही हाच भेद दिसतो. पहिल्या शिक्षकाला १२५ टक्के महागाई भत्त्यासह जुन्या रचनेत ३१,४१० रुपये मिळत होते, ते ३५,९०० झाले, वाढ १४.३ टक्के. दुसऱ्याचे ३१,५२३ रुपयांचे ३७,००० झाले, वाढ १७.४ टक्के. तिसऱ्याची वाढ पुन्हा १४.३ टक्केच राहिली. मॅट्रिक्समधील एकूण वाढ यामुळे किमान १४.२२ टक्के असते आणि टप्प्याच्या स्थानानुसार त्यावर सुमारे तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

हा फरक एका महिन्यापुरता राहत नाही. पुढील प्रत्येक वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि निवृत्तिवेतनाची गणना नव्या मूळ वेतनावर होत असल्याने १ जानेवारी २०१६ रोजी मिळालेला टप्पा संपूर्ण सेवाकाळात सोबत राहतो.

== किमान टप्पा आणि एकत्रीकरण ==

काही वेळा गुणकाचा परिणाम दिसतच नाही, कारण स्तराचा पहिला टप्पा गुणाकारापेक्षा वर असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीतील महाविद्यालयीन शिक्षक हे याचे ठळक उदाहरण आहे. ६,००० रुपये शैक्षणिक ग्रेड वेतन असलेल्या साहाय्यक प्राध्यापकाचे सुरुवातीचे जुने मूळ वेतन २१,६०० रुपये होते. नव्या मॅट्रिक्समधील शैक्षणिक स्तर १० चा पहिला टप्पा ठरवताना हीच रक्कम २.६७ ने गुणली गेली आणि तो टप्पा ५७,७०० रुपयांवर आला. मात्र सेवेत असलेल्या शिक्षकांच्या वेतननिश्चितीचा गुणक २.५७ हाच राहिला.

२.६७ या संख्येला सातव्या आयोगाच्या परिभाषेत सुसूत्रीकरणाचा निर्देशांक म्हणतात. तो स्तराची सुरुवात कोठे असावी हे ठरवतो. व्यक्तीचे वेतन त्याने गुणत नाहीत. या दोन संख्यांतील गोंधळामुळे 'प्राध्यापकांना २.६७ चा गुणक मिळाला' असा समज रूढ झाला.

दोन संख्यांतील अंतराचा परिणाम असा होतो की, २१,६०० रुपये वेतन असलेल्या प्राध्यापकाची रक्कम २.५७ ने गुणून ५५,५१२ येते आणि एक वेतनवाढ मिळून २२,२५० वर गेलेल्याची ५७,१८३ येते. दोन्ही रकमा ५७,७०० च्या आत असल्याने दोघेही पहिल्याच टप्प्यावर बसतात. एक वर्ष अधिक सेवा केलेल्याचे ज्येष्ठत्व वेतनात उरत नाही. जुन्या रचनेतील वेगवेगळे टप्पे नव्या रचनेत अशा रीतीने एकाच जागी येण्यास 'बंचिंग' किंवा टप्प्यांचे एकत्रीकरण म्हणतात. सातव्या आयोगाने यावर दिलेला उपाय असा की, एकत्र आलेल्या दर दोन टप्प्यांमागे वरच्या टप्प्यावरील व्यक्तीला एक अतिरिक्त वेतनवाढ द्यावी. हा उपाय जुन्या रचनेतील सलग टप्प्यांमध्ये पूर्ण वेतनवाढीइतके अंतर असेल तेव्हाच लागू होतो. वरील उदाहरणातील दुसऱ्या व तिसऱ्या प्राथमिक शिक्षकांतील ३८० रुपयांचे अंतर १४,०१० च्या तीन टक्क्यांपेक्षा (४२० रुपये) कमी आहे. त्यामुळे त्यांचे एका टप्प्यावर येणे या अर्थाने एकत्रीकरण ठरत नाही.

== विकल्पाची निवड ==

नव्या रचनेत नेमके कोणत्या दिनांकापासून यायचे हे काही मर्यादेत कर्मचाऱ्याच्या हाती असते. केंद्राचे सुधारित वेतन नियम २५ जुलै २०१६ रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार कर्मचाऱ्याला पुढील वेतनवाढीच्या दिनांकापर्यंत जुन्या रचनेत राहता येत होते. १ जानेवारी २०१६ ते अधिसूचनेचा दिनांक या काळात पदोन्नती झाली असल्यास पदोन्नतीच्या दिनांकापासून नव्या रचनेत येण्याचा विकल्पही होता. विकल्प अधिसूचनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायचा होता आणि एकदा दिलेला विकल्प अंतिम होता. मुदतीत विकल्प न देणारा १ जानेवारी २०१६ पासून नव्या रचनेत आल्याचे मानले जाई.

केंद्रीय नियम लागू असलेल्या शाळेतील, ४,२०० रुपये ग्रेड वेतनावरील एक प्राथमिक शिक्षिका १ मे २०१६ रोजी पदोन्नतीने ४,६०० रुपये ग्रेड वेतनाच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षक पदावर गेली, असे मानू. तिचे ३१ डिसेंबर २०१५ रोजीचे मूळ वेतन १८,३९० रुपये (१४,१९० अधिक ४,२००) आहे. तिच्यापुढे दोन मार्ग असतात.

'''१ जानेवारीपासून नवी रचना.''' १८,३९० ला २.५७ ने गुणून ४७,२६२ येतात. स्तर ६ मधील लगतचा वरचा टप्पा ४७,६०० आहे. मे महिन्यातील पदोन्नतीच्या वेळी त्याच स्तरात एक वेतनवाढ मिळून ४९,००० होतात. स्तर ७ मध्ये नेमका ४९,००० चा टप्पा असल्याने वेतन तेथेच ठरते.

'''पदोन्नतीपर्यंत जुनी रचना.''' जुन्या नियमांनुसार १८,३९० च्या तीन टक्के वेतनवाढ दहाच्या पुढील पटीत ५६० रुपये होते. वेतन बँडमधील वेतन १४,७५० आणि त्यावर नवे ग्रेड वेतन ४,६०० मिळून १९,३५० होतात. ही रक्कम २.५७ ने गुणून ४९,७३० येते व स्तर ७ मधील टप्पा ५०,५०० मिळतो.

दुसऱ्या मार्गाने मूळ वेतन दरमहा १,५०० रुपयांनी अधिक ठरते. याचे मुख्य कारण असे की, जुन्या रचनेत पदोन्नतीबरोबर ग्रेड वेतनातील ४०० रुपयांचा फरकही मिळत असे आणि तो गुणकाच्या आत जाऊन १,०२८ रुपये झाला. नव्या रचनेत ग्रेड वेतन उरले नसल्याने पदोन्नतीचा लाभ एका वेतनवाढीपुरता राहतो. उरलेला फरक टप्प्याच्या स्थानामुळे पडला.

याची किंमतही द्यावी लागते. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत शिक्षिकेला महागाई भत्त्यासह ४१,३७८ रुपयेच मिळतात. पहिल्या मार्गाने ४७,६०० मिळाले असते. दरमहा ६,२२२ प्रमाणे एकूण २४,८८८ रुपयांची थकबाकी सोडावी लागते. दरमहा १,५०० रुपयांच्या फरकाने ही रक्कम सुमारे १७ महिन्यांत भरून निघते. सेवेची अनेक वर्षे शिल्लक असलेल्या शिक्षिकेस दुसरा मार्ग लाभाचा ठरतो. निवृत्ती वर्षभरावर आली असेल तर मात्र सोडलेली थकबाकी आणि निवृत्तिवेतनातील वाढ यांची तुलना स्वतंत्रपणे करावी लागते.

महाराष्ट्राच्या २०१९ च्या नियमांतही विकल्पाची तरतूद आहे. राज्यात प्रत्यक्ष वेतन १ जानेवारी २०१९ पासून देण्यात आले आणि आधीच्या तीन वर्षांची थकबाकी हप्त्यांनी भविष्य निर्वाह निधीत जमा करण्याचे ठरले. त्यामुळे विकल्प देताना या तीन वर्षांतील वेतनवाढी, पदोन्नती व थकबाकी यांचा एकत्रित हिशेब आवश्यक होता.

== नेहमीच्या चुका आणि पडताळणी ==

वेतननिश्चितीत आढळणाऱ्या चुका प्रायः गुणाकाराच्या नसतात. आत घेतलेली रक्कम किंवा निवडलेला टप्पा यांत त्या असतात. वेतन बँडमधील वेतन तेवढेच गुणून ग्रेड वेतन नंतर मिळवणे ही सहाव्या आयोगाच्या सवयीतून होणारी चूक आहे. १४,०१० रुपयांच्या उदाहरणात तसे केल्यास ११,२१० चे २८,८१० आणि त्यात २,८०० मिळून ३१,६१० येतात, म्हणजे योग्य रकमेपेक्षा सुमारे ४,४०० रुपये कमी. याउलट, १ जुलै २०१६ ची वेतनवाढ आधीच धरून गुणाकार करणे आणि तीच वेतनवाढ नव्या रचनेत पुन्हा देणे यामुळे वेतन एका टप्प्याने वाढते. गुणाकाराची रक्कम मॅट्रिक्समध्ये न शोधता केवळ पुढील शंभरात नेणे ही तिसरी चूक होय.

ढोबळ तपासणीसाठी नव्या मूळ वेतनाला जुन्या मूळ वेतनाने भागतात. टप्प्यांतील अंतर सुमारे तीन टक्के असल्याने हा भागाकार २.५७ च्या खाली जात नाही आणि साधारणतः २.६५ च्या वर जात नाही. वरील तीन शिक्षकांच्या बाबतीत तो अनुक्रमे २.५७२, २.६४१ आणि २.५७१ येतो. या मर्यादेबाहेरची संख्या दोनच परिस्थितींत योग्य असू शकते : व्यक्ती स्तराच्या पहिल्या टप्प्यावर आणली गेली असल्यास, किंवा एकत्रीकरणाची अतिरिक्त वेतनवाढ मिळाली असल्यास.

महाराष्ट्रात वेतननिश्चितीची नोंद सेवापुस्तकात घेतात आणि वेतन पडताळणी पथक ती तपासते. चूक बहुधा या टप्प्यावर, कधी कधी निवृत्तीच्या तोंडावर, उघड होते. जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 'पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह' या प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा घालून दिल्या. वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली जादा रक्कम अशा परिस्थितींत वसुली अनुज्ञेय नसल्याचे त्यात म्हटले आहे. तथापि २०१६ मधील 'पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग' या प्रकरणात, सुधारित वेतन घेताना जादा रक्कम परत करण्याचे वचनपत्र दिलेले असल्यास संबंधित व्यक्ती त्याला बांधील राहते, असे न्यायालयाने ठरवले. वेतननिश्चितीच्या वेळी असे वचनपत्र घेण्याची पद्धत असल्याने निश्चितीचा तक्ता स्वाक्षरीपूर्वी तपासण्याला व्यावहारिक महत्त्व आहे.

== पुढील गुणकाचे आकलन ==

आठवा केंद्रीय वेतन आयोग स्थापण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. कोणताही नवा गुणक पाहताना त्याची तुलना २.५७ शी करणे उपयोगाचे नसते. अंमलबजावणीच्या दिवशी मूळ वेतन अधिक महागाई भत्ता मिळून मूळ वेतनाच्या किती पट होते, ती संख्या तुलनेसाठी घ्यावी लागते. जुलै २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ५८ टक्के झाला. त्या पातळीवर १.५८ हा गुणक केवळ जुने उत्पन्न कायम राखतो आणि १.५८ च्या १४.२२ टक्के वर, म्हणजे सुमारे १.८० हा गुणक सातव्या आयोगाइतकी वास्तविक वाढ देतो. महागाई भत्ता जितका वाढत जाईल तितकी ही संख्या वर सरकते.